आजीला ‘कावीळ’ सांगितली आहे. खरं कोणी सांगायचं?

मॅडम, मी मेडिसिनला पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. माझी आजी 76 वर्षांची, सांगली जिल्ह्यात गावी असते. दीड महिन्यापूर्वी तिचे डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली, यकृतात पसरलेली, बायॉप्सीनं पक्की. पित्तनलिकेत स्टेंट टाकलाय. घरच्यांनी तिला सांगितलंय की कावीळ आहे, नळी टाकली, आता उतरेल. ती रोज मला फोन करून विचारते. थोरले काका म्हणतात, तू डॉक्टर आहेस, तूच सांग की काळजीचं काही नाही. खरं कळलं तर ती हाय खाईल. शनिवारी गावी जाणार आहे. मी काय करू?

*

शनिवारी आजीजवळ बसून सगळं सांगून टाकू नकोस. आणि काका सांगतात ते वाक्यही बोलू नकोस. या दोन्हींच्या मधे बरीच जागा आहे. गेली 22 वर्षं मी पॅलिएटिव्ह केअरमध्ये त्याच जागेत काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी माझंच सांगते. 1999 साली मी इंटर्न होते. माझ्या आईच्या आईला पित्ताशयाचा कॅन्सर झाला, आणि आम्हीही तिला कावीळच सांगितली. कावीळ हे नाव घरच्यांना फार सोयीचं पडतं. पिवळे डोळे पेशंटला स्वतःच्या आरशात दिसतात, गावात प्रत्येकाच्या घरी ती कधी ना कधी येऊन गेलेली असते, आणि ती उतरते. पण आजाराला खोटं नाव दिलं की त्या नावाचं पथ्य आणि त्या नावाचा उपचारही घरात शिरतो, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आलं नाही. मामीनं तेल, तूप, हळद बंद केली. शेजारच्या गावचा माणूस येऊन चुन्याच्या पाण्यात हात धुऊन गेला, पाणी पिवळं झालं म्हणून सगळ्यांना बरं वाटलं. कोणी काविळीची माळ आणली. कोणी नाकात पाल्याचा रस सोडला, त्यानं ती दोन दिवस शिंकत आणि डोकं धरून बसली. खर्ड्याशिवाय भाकरीचा तुकडा न मोडणाऱ्या बाईला आम्ही शेवटचे चार महिने अळणी मुगाच्या वरणावर आणि ताकावर काढायला लावले. त्या आजारात भूक आधीच मेलेली असते. जी थोडी उरली होती ती आम्ही मारली.

दुसरी गोष्ट मला अजून सलते. जूनमध्ये ती म्हणाली, “यंदा पंचमीला मला माझ्या गावी न्या.” अकरा वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. भाऊ थकला होता, भावजयीशी जमिनीवरून बोलणं बंद होतं. मामा म्हणाला, “कावीळ उतरू दे, पुढच्या पंचमीला नेतो.” खोटं नाव सांगितल्यावर तो दुसरं काय म्हणणार? काविळीच्या पेशंटला जूनमध्ये प्रवास करायची घाई नसते. ती दसऱ्याच्या आधी गेली.

आणि मला तिनं एकदाच विचारलं, “बाय, ही उतरंना का गं?” मी म्हणाले, “उतरेल, जरा वेळ लागतो.” त्यानंतर तिनं मला आजाराबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. तेव्हा मला वाटलं, तिचं समाधान झालं. आज मला माहीत आहे की पेशंट विचारायचं थांबतो ते बहुतेक वेळा समोरच्याला उत्तर झेपत नाही हे ओळखून. तुझी आजी तुला रोज फोन करते आहे. ती अजून थांबलेली नाही. तुझ्या हातात असलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, ती जपून ठेव.

आता तुझ्या आजीच्या आजाराकडे ये, कारण यात वेळेचं गणित आहे आणि ते घरच्यांना कोणी सांगितलेलं नसणार. स्टेंट टाकल्यावर काही आठवड्यांत कावीळ खरोखरच ओसरते. खाज थांबते, लघवीचा रंग निवळतो, थोडी भूक लागते, माणूस अंगणात येऊन बसतो. काका म्हणतील, “बघ, सांगितलं नाही म्हणूनच सुधारली.” आजीलाही वाटेल, झालं, बरी झाले. पण गाठ तिथंच आहे. पुढे एक दिवस स्टेंट तुंबतो (प्लॅस्टिकचा असेल तर साधारण तीन महिन्यांत, धातूचा असेल तर बऱ्याचदा त्याहून पुढे) आणि डोळे पुन्हा पिवळे होतात. किंवा कावीळ परत न येताच वजन उतरत जातं आणि पाठीत कळ सुरू होते. त्या दिवशी ‘कावीळ उतरली’ ही गोष्ट कोसळते. तेव्हा ताप असतो, ग्लानी असते, दुखत असतं आणि घरात धावपळ असते. खरं तेव्हाच बाहेर पडतं, पण बोलायला माणूस जागेवर नसतो. मी पाहिलेल्या घरांपैकी फार थोड्या घरांत हे शेवटपर्यंत लपून राहिलं. बहुतेक ठिकाणी ते वाईट वेळी आणि वाईट तोंडून फुटलं. भेटायला आलेली एखादी लांबची चुलती म्हणते, “काय बाई, असा आजार कुणाच्या वैऱ्यालाही नको,” आणि संपलं.

म्हणून कावीळ ओसरल्यानंतरचे हे काही आठवडे, म्हणजे डोकं स्वच्छ आहे, खाज नाही, दुखणं आटोक्यात आहे, हेच बोलण्याचे दिवस आहेत. तुझ्या आजीचे ते आत्ता चालू आहेत.

काकांशी काय बोलायचं ते सांगते. वाद घालायचा नाही. पेशंटचा हक्क, वैद्यकीय नीती हे शब्द पहिल्या भेटीत काढायचे नाहीत. घरातल्या धाकट्या मुलीनं चार पुस्तकं वाचून वडीलधाऱ्यांना शिकवलं एवढंच त्यातून उरतं. त्यांना विचार, “काका, सांगितलं तर काय होईल असं तुम्हाला वाटतं?” आणि गप्प बस. ‘हाय खाईल’ याच्या मागे जवळजवळ नेहमी एखादी खरी घटना असते. कोणाचा तरी सासरा टाटाला नेऊन आणला आणि पंधरा दिवसांत गेला. आपल्याकडे ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं तरी निदान सांगून झालेलं असतं. त्यांनी ते पाहिलेलं असतं, त्यांची भीती उगाच नसते. ती पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय पुढचं वाक्य बोलू नकोस.

मग विचार, “हे सगळं एकट्यानं सांभाळायला तुम्हाला कसं जातंय?” हा प्रश्न त्यांना कोणीच विचारलेला नसतो. फाईल कपाटात वर लपवायची, डॉक्टरांना आत जाऊन आधी सांगायचं की आईसमोर बोलू नका, फोन आला की परसात जाऊन घ्यायचा, आईनं नजरेला नजर दिली की उठून जायचं. साठीच्या पुढचा माणूस या प्रश्नावर रडताना मी कितीतरी वेळा पाहिला आहे. त्यानंतर बोलणं वेगळ्या जागी येतं.

तेव्हा त्यांना दोन शब्द दे. पहिला: “मी होऊन आजीला कॅन्सर हा शब्द सांगणार नाही.” दुसरा: “पण तिनं मला सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.” दोन्ही एकदम सांग, आणि दोन्ही पाळ. मग एकच परवानगी माग: आजीला सांगायची नव्हे, तिला विचारायची. तिला काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचं आहे, एवढंच तिच्या डॉक्टरांना विचारू द्या. घरचे सांगण्याला नाही म्हणतात, विचारण्याला सहसा म्हणत नाहीत. त्यांना मनातून वाटत असतं की तिला काहीच माहीत नाही. मला अनुभवानं वाटतं की तिला बरंच माहीत असणार.

एक गोष्ट काकांना सांगण्यासारखी आहे. न सांगणं ही काही फक्त आपल्याकडची माया नव्हे. अमेरिकेत 1961 साली डॉक्टरांना विचारलं होतं, तेव्हा दहांतले जवळजवळ नऊ जण कॅन्सर असल्याचं पेशंटला न सांगणं पसंत करायचे. 1979 साली तसंच विचारलं तर 97 टक्के सांगू म्हणाले. माणसं तशीच होती, प्रेमही तेवढंच होतं. मधल्या काळात उपचार वाढले, आणि पेशंटला न विचारता उपचार ठरवणं कठीण होत गेलं.

तुमच्याही घरात हेच आडवं येणार आहे. उद्या केमोथेरपीचा प्रश्न येईल. या वयात, पसरलेल्या आजारात, केमोनं काही आठवडे-महिने वाढू शकतात आणि त्याची किंमत थकवा, उलट्या, दवाखान्याच्या फेऱ्या अशी मोजावी लागते. ती किंमत द्यायची की नाही हे ज्याच्या अंगातून सुई जाणार तोच ठरवू शकतो. कायद्याचंही म्हणणं थोडक्यात माहीत असू दे. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांत म्हटलंय की डॉक्टरनं आजाराचं गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र त्यातच पेशंटला, नातेवाइकांना ‘किंवा’ जबाबदार मित्रांना कल्पना असावी अशी भाषा आहे, आणि आपले बरेच डॉक्टर त्या ‘किंवा’चा आधार घेतात. पण संमतीच्या बाबतीत असा आडोसा नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या वतीनं तिच्या आईनं दिलेली संमती चालत नाही. तीच गोष्ट मुलाची. हे काकांच्या तोंडावर मारायचं नाही, पण केमोच्या फॉर्मवर सही कोण करणार हा प्रश्न त्यांनाच विचारून बघ. बऱ्याचदा गाठ तिथं सुटायला लागते.

आता सांगायचं कोणी? तू नाही. तू तिची डॉक्टर नाहीस आणि होऊही नकोस. बातमी तुझ्या तोंडून गेली तर पुढे प्रत्येक वेळी तुझा चेहरा बघून ती रिपोर्ट वाचेल, आणि तिला एक नात कमी पडेल. स्टेंट टाकणारे पोटविकारतज्ज्ञ किंवा जवळचे पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर यांना आधी फोन कर, स्टेंटच्या तपासणीची वेळ घे, आणि सांग की आम्हाला अर्धा तास निवांत हवा आहे. राऊंडमध्ये सहा जण उभे असताना हे होत नाही. तू तिच्या पलंगावर, तिच्या हाताजवळ बस. काकांनी खोलीतच असावं, बाहेर नाही. आजीचा चष्मा, ऐकायचं यंत्र असेल तर तेही लावलेलं असू दे. साधी गोष्ट आहे, पण अर्धं वाक्य ऐकू न आल्यामुळे भलताच अर्थ घेतलेले पेशंट मी पाहिले आहेत.

हे बोलणं प्रत्यक्षात कसं होतं ते एका पेशंटवरून सांगते. काही वर्षांपूर्वीच्या आहेत, ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. भाजी विकणाऱ्या, सत्तरीच्या, आजार तुझ्या आजीसारखाच. मुलानं दारातच गाठून सांगितलं होतं, “मॅडम, आईला काविळीचंच बोला.” मी त्याला वर लिहिलेले दोन शब्द दिले आणि आत गेले.

मी विचारलं, “मावशी, नळी का टाकली म्हणून सांगितलंय तुम्हाला?”

“कावीळ उतरायला.”

“उतरली?”

“डोळं पांढरं झालं.” त्या जरा थांबल्या आणि त्यांनी उजवा हात वर केला. हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपरापाशी आल्या. “ह्या मी साबण लावून भरल्या हुत्या. डोळं पांढरं झालं तर ह्यो हात का वाळतूया?”

मुलगा खिडकीकडे बघत होता. मी म्हणाले, “तुमच्या मनात काय येतंय?”

“गाठ असंल.”

इथं घाई झाली की सगळं फसतं. त्या इथपर्यंत स्वतः आल्या होत्या, पण पुढं यायचं आहे का हे त्यांना विचारायला हवं होतं. म्हणून मी विचारलं, “मावशी, काही जणांना सगळं स्वतः ऐकायचं असतं, काही जण म्हणतात पोराला सांगा, मला नको. तुमचं कसं?”

“मला सांगा. त्याला हिशोब येत न्हाई.”

मग मी म्हणाले, “बातमी चांगली नाही,” आणि थोडं थांबले. त्यांनी मान हलवल्यावर म्हणाले, “गाठच आहे. पित्ताची वाट तिनं दाबली होती, म्हणून कावीळ झाली. नळीनं वाट मोकळी झाली, पण गाठ काढता येण्यासारखी नाही. काळजातही गेली आहे.” गावाकडे यकृताला काळीज म्हणतात, म्हणून मी तोच शब्द वापरला. त्यांनी विचारलं, “कॅन्सर?” मी “हो” म्हणाले. यानंतर बोलायचं नसतं. मिनिट-दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मला ते दर वेळी फार लांब वाटतं, अजूनही. पण त्यात औषधाची, दिलाशाची एकही ओळ घुसवायची नाही. त्या वेळी सांगितलेलं काही डोक्यात शिरत नाही.

शेवटी त्यांनी मुलाकडे बघून विचारलं, “तुला म्हाईत हुतं?” तो हो म्हणाला. “तरीच तू जेवत न्हवतास,” असं म्हणून त्यांनी त्याला जवळ बोलावलं.

त्या दिवशी मी उपचारांचं फारसं बोललेच नाही, चार दिवसांनी परत बोलावलं. तेव्हा त्यांनी केमो नको म्हणून सांगितलं. बचत गटातलं त्यांचं कर्ज कोणी फेडायचं ते ठरवलं, आणि बाजारातली बसायची जागा सुनेच्या नावानं करायला मुलाला लावलं. पाचव्या महिन्यात त्या घरीच गेल्या. मधे दोन-तीन रात्री त्यांनी खूप रडून काढल्या, आठवडाभर नीट जेवल्या नाहीत. तो आठवडा घरच्यांना कठीण गेला आणि मुलानं मला फोनवर सुनावलंही.

कारण ‘हाय खाणं’ काही अंशी खरं आहे. सांगितल्यावर झोप उडते, घास जात नाही. तीन-चार दिवस, कधी आठवडा. काकांना हे आधीच सांगून ठेव, म्हणजे त्या आठवड्यात तुमच्या घरात दोष देणं सुरू होणार नाही. नंतर बहुतेक माणसं परत माणसांत येतात. दोन आठवड्यांनंतरही आजी भिंतीकडे तोंड करून असेल, आवडीच्या नातवंडातही मन लागत नसेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला औषध आहे. ‘मला मोकळं करा’ असं ती पुन्हा पुन्हा म्हणायला लागली तर न घाबरता स्पष्ट विचार, “जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का?” विचारल्यानं तो विचार मनात भरत नाही. उत्तर होकारार्थी आलं तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शेतकऱ्याच्या घरात फवारणीचं औषध असतं, ते अशा वेळी कुलपात हवं. आणि हेही काकांना समजावून सांग की या आजारात भूक जाणं आणि वजन उतरणं हे गाठीमुळेच होतं. सांगितलं तरी होणार, न सांगितलं तरी होणार. ती आत्ता खोटं ऐकूनही वाळतेच आहे.

पण तुझी आजी दुसरंही काही म्हणू शकते. माझ्या एक पेशंट निवृत्त शिक्षिका होत्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत 30 वर्षं गणित शिकवलेल्या. मला वाटलं होतं की यांना आकडे हवे असतील. मी तोच प्रश्न विचारला तर त्या म्हणाल्या, “माझ्या मुलाला सांगा. मला फक्त दुखायला नको.” मी दोनदा खात्री करून घेतली आणि पुढचं सगळं मुलाशी बोलले. आजाराचं नाव त्यांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. ते लपवणं नव्हतं, कारण तो निर्णय त्यांचा होता. तुझ्या आजीनं असं म्हटलं तर काकांचं म्हणणं आणि तिचं म्हणणं एकच निघेल, आणि तुला मोकळं वाटायला हरकत नाही. फक्त मोठं काही बदललं, स्टेंट तुंबला किंवा दुखणं वाढलं, की तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. आज नको म्हणणारा माणूस दोन महिन्यांनी विचारू शकतो.

आणि शनिवारी, डॉक्टरांची भेट व्हायच्या आधीच, तिनं तुलाच विचारलं तर? ती विचारेल असं मला वाटतं. “पोरी, खरं सांग, मला काय झालंय?” त्या वेळी तू म्हण, “आजी, तुला काय वाटतंय?” आणि ऐक. ती ‘गाठ आहे का’ म्हणाली तर ‘नाही’ म्हणू नकोस. म्हण, “साधी कावीळ नाहीये आजी. मला सगळं नीट सांगता येणार नाही, मी तुझी नात आहे. तुझ्या डॉक्टरांकडे आपण दोघी जाऊ, काकाही येतील, आणि तू विचारशील ते सगळं ते सांगतील. मी तुझ्याजवळ बसेन.” यात खोटं काही नाही आणि काकांना दिलेला शब्दही मोडत नाही. लगेच काकांना जाऊन सांग की आजीनं असं विचारलं आणि मी असं उत्तर दिलं. त्यांना ते दुसऱ्याकडून कळायला नको.

“किती दिवस?” हा प्रश्नही येईल, कधी “दिवाळी दिसंल का?” अशा रूपात. आकडा देऊ नका, डॉक्टरांनाही देऊ देऊ नका. आकडा दिला की घर त्या तारखेकडे डोळे लावून बसतं. या अवस्थेत वर्षांची भाषा बोलता येत नाही, महिन्यांची बोलावी लागते, तेवढं खरं सांगावं. मी असं सांगते: “दिवाळी आपण सगळे धरून चालू. पण जे करायचं मनात आहे ते दिवाळीवर ठेवू नका.” मग तिला विचारायचं की मनात काय आहे. कुठं जायचंय, कोणाला भेटायचंय, शेताचं-दागिन्यांचं काय करायचंय, शेवटी दवाखान्यात असावं की घरी. शेवटच्या दिवसांत मशीनवर ठेवायचं नाही असं तिला लिहून ठेवायचं असेल तर 2018 च्या आणि 2023 मध्ये सोप्या केलेल्या न्यायालयीन निकालांनुसार दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर तसं करता येतं. आजाराचं नावच माहीत नसलेल्या बाईला हे कसं विचारणार?

दुखण्याचंही आधीच सांगून ठेवा. या आजारात पोटातली कळ पाठीत जाते आणि रात्री वाढते. तोंडातून घ्यायचं मॉर्फिन त्यावर उत्तम चालतं. अशक्त म्हाताऱ्या माणसाला अडीच ते पाच मिलिग्रॅम दर चार तासांनी एवढ्या थोड्यापासून डॉक्टर सुरू करतात, आणि सोबत पहिल्या दिवसापासून पोट साफ राहायचं औषध लागतंच. 2014 च्या कायदादुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त केंद्रांतून ते मिळवणं सोपं झालं आहे. तुमच्या जवळ कुठं मिळतं ते आत्ताच विचारून ठेव, रात्री दोन वाजता शोधायला लागू नये. घरच्यांना ‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ असं वाटतं आणि मग गोळ्या लपवून ठेवल्या जातात. लपवालपवीची सवय लागलेल्या घरात हे फार होतं.

शनिवारी गावी पोचलीस की काहीही ठरायच्या आधी दोन कामं कर. एक, घरात सगळ्यांना सांग की आजीला थंडी वाजून ताप आला तर ती नळी तुंबल्याची खूण आहे. क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखान्यात न्यायचं. दुसरं, काकूला स्वयंपाकघरात गाठ आणि पथ्य उठव. हळद, मीठ, फोडणी पहिल्यासारखी घाला म्हणावं. तेल पचत नसेल, पोट फुगून शौचाला तेलकट होत असेल, तर स्वादुपिंडाच्या पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून पहिल्या घासाबरोबर द्यायच्या. ताट भरून वाढू नका, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्या. आणि तिला आधी विचारा की काय खावंसं वाटतंय.